आलेले डॉलर लगेच रुपयांत बदलू नका

बुटीबोरीतला एखादा कारखानदार ५०,००० डॉलरचा कच्चा माल मागवतो आणि ३०,००० डॉलरचा तयार माल बाहेर पाठवतो, असं समजा. बरेच जण आलेले डॉलर बँकेला विकतात आणि महिन्याभराने तेच चढ्या दराने विकत घेतात. खरेदी-विक्रीच्या दरात ६० पैशांचा फरक धरला तरी १८,००० रुपये फुकट जातात.

त्याऐवजी बँकेत ईईएफसी खातं, म्हणजे निर्यातीचं परकीय चलन आहे तसंच ठेवायचं खातं उघडा, निर्यातीचे डॉलर तिथेच ठेवा आणि आयातीचं बिल त्यातून भागवा. मग दर बदलण्याची जोखीम उरते फक्त २०,००० डॉलरची. फॉरवर्ड बुक करायचं, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच बँकेशी ठरवून ठेवायचा, तर तेवढ्याचंच.

या खात्यावर व्याज मिळत नाही, पण खरी मेख तारखेत आहे. जुलैत जमा झालेले डॉलर ३१ ऑगस्टपर्यंत वापरले नाहीत, तर उरलेली रक्कम रुपयांत बदलावी लागते. आधीच्या फॉरवर्डसाठी राखलेली तेवढी वगळून. म्हणून पुरवठादाराकडून उधारीची मुदत मागताना आपल्या ग्राहकाचे पैसे कधी येतात ते आधी पाहा. ग्राहक नेहमी उशीर करणारा असेल, तर त्याची रक्कम या हिशेबात धरूच नका. आणि येणं युरोत, देणं डॉलरमध्ये असेल तर ही जुळणी होत नाही.