वृद्धांच्या नैराश्यात आयपीटी: या चुका टाळा

आंतरवैयक्तिक मानसोपचार, म्हणजे आम्ही ज्याला आयपीटी म्हणतो, तो शिकायला सोपा वाटतो. नैराश्य आणि माणसाच्या नात्यांत अलीकडे घडलेलं काहीतरी यांची सांगड घालायची, चारपैकी एक विषय निवडायचा आणि १२ ते १६ आठवडे त्यावर काम करायचं. ते चार विषय म्हणजे मृत्यूचा शोक, भूमिकेतला बदल, नात्यातला वाद आणि मुळातच नाती तुटपुंजी असणं. क्लेरमन आणि वाइसमन यांच्या गटाने १९८४ मध्ये हे पुस्तकरूपाने मांडलं, तेव्हापासून आराखडा फारसा बदललेला नाही. साठीपुढच्या माणसांत बहुतेकदा पहिले दोन विषय येतात आणि त्या दोहोंतच शिकाऊ मंडळी पुन्हा पुन्हा तीच चूक करतात. मीही केली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

चूक पहिली: तारखा न विचारता विषय ठरवणं

काही तपशील बदलून सांगते. ७१ वर्षांचे काका, जिल्ह्याच्या गावात ४० वर्षं पिठाची गिरणी चालवलेले, आता पिंपरीला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले. पहाटे तीनला जाग, जेवण निम्म्यावर, दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून गप्प. नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवर २७ पैकी १८; गुण जितके जास्त, तितकं नैराश्य तीव्र. मुलगा म्हणाला, "आई गेल्यापासून बाबा असेच आहेत." मीही लिहून टाकलं, विषय: शोक.

पाच सत्रं आम्ही काकूंबद्दल बोललो. काका रडायचे आणि मला वाटायचं, काम होतंय. पाचव्या सत्राला गुण १७. माणूस रडला म्हणजे योग्य जागी हात पडला असं नसतं. ४५ वर्षांच्या संसारातल्या जोडीदाराचा विषय काढला की कुणीही रडेल.

सहाव्या सत्रात मी कोऱ्या कागदावर आडवी रेघ ओढली आणि दोन वर्षांचे महिने मांडले. काकू वारल्या त्या जून महिन्यात. "मग त्या पावसाळ्यात झोप कशी होती, काका?" ते म्हणाले, "यायची की. पहाटे पाचला गिरणी उघडायची असायची." दिवाळीत? भाजणीची दळणं होती, रात्री दहापर्यंत उभे होते. पुढच्या उन्हाळ्यात? ठीक. काकूंची आठवण यायची, पण जेवत होते, माणसांशी बोलत होते. पुढच्या गणपतीनंतर गिरणी विकली आणि महिन्याभरात झोप गेली. बायको जाऊन तोवर सव्वा वर्ष झालं होतं. म्हणजे विषय शोक नव्हता, भूमिकेतला बदल होता.

हे सांगताना त्यांचा अंगठा पहिल्या दोन बोटांवर फिरत होता. ही हालचाल मी पहिल्या सत्रापासून पाहत होते आणि हाताची सवय म्हणून सोडून देत होते. त्या दिवशी विचारलं. "पीठ असं बघायचं," ते म्हणाले. "गरम लागलं की दगड आवळलाय. रवाळ लागलं की दगडाला छिन्नीने टाकी लावायला झाली." सहा सत्रांत पहिल्यांदा ते दहा मिनिटं सलग बोलले.

आता मी पहिल्याच सत्रात ती रेघ ओढते. एका बाजूला लक्षणं, दुसऱ्या बाजूला घटना. घरच्यांनी सांगितलेलं कारण पेन्सिलीने लिहायचं, पेनने नाही. कुणीतरी गेलंय म्हणून विषय शोक होत नाही. नैराश्य नेमकं केव्हा सुरू झालं, त्यावरून विषय ठरतो.

चूक दुसरी: जुनी भूमिका पुरेशी न पाहता नवी हातात देणं

ही चूक दाखवून देणं माझ्या सर्वांत जिवावर येतं, कारण ती चांगुलपणातून होते. विद्यार्थी चौथ्या सत्रातच ज्येष्ठ नागरिक संघाचा नंबर, हास्यक्लबची वेळ आणि भजनी मंडळाचा पत्ता देऊन मोकळे होतात. काका एक दिवस गेले होते हास्यक्लबात. परत आले ते अधिकच गप्प. ज्याला गाव "गिरणीवाले" म्हणून ओळखतं, त्याला अनोळखी माणसांच्या रांगेत हात वर करून हसायला उभं केलं, तर त्याला आपण कोण होतो तेच ठळकपणे जाणवतं.

भूमिकाबदलात माझा क्रम ठरलेला आहे. आधी जुनी भूमिका, आणि तिच्या दोन्ही बाजू. गिरणीचं चांगलं काय होतं ते त्यांनी भरभरून सांगितलं: डबे ठेवून जाणाऱ्या बायका, कुणाच्या घरी पाहुणे आलेत ते दळणावरून कळायचं, उधारीची वही. मग मी विचारलं, नकोसं काय होतं? बराच वेळ गेला. खोकला. ४० वर्षांत एकाही लग्नाला मुक्काम नाही. आणि शेवटी, काकू रुग्णालयात असताना त्या दुपारी ते दळण संपवत होते, पोचेपर्यंत उशीर झाला होता. शोक असा गिरणीच्या दारातून आत आला. पण मी विषय बदलला नाही. त्यावर दोन सत्रं बोललो, भूमिकाबदलाचा भाग म्हणूनच.

दुसरी पायरी म्हणजे बदल कसा झाला. त्यांना कुणी विचारलं होतं का? व्यवहार मुलाने ठरवला, काकांनी सही केली, किल्ली दिली आणि त्याच संध्याकाळी गाडीत बसले. गिऱ्हाइकांना सांगायलाही वेळ मिळाला नाही. म्हणून त्यांनी नवव्या सत्रानंतर चार जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. हा माझा सल्ला नव्हता, त्यांनीच सुचवलं.

नवी भूमिका त्यानंतर. त्यातही "काय करायला आवडेल?" असं मोघम विचारू नका, घरातला एक खरा प्रसंग घ्या. काका बाजारातून भाजी आणायला उठले, सून म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा, मी करते." ते बसले आणि दिवसभर बोलले नाहीत. मी शब्दन् शब्द विचारला: ती काय म्हणाली, तुम्ही काय ऐकलंत, काय बोललात, तिला काय कळलं असेल? त्यांनी ऐकलं होतं "तुमची गरज नाही". पुढे एका सत्रात सून आली तेव्हा कळलं, तिच्या मनात होतं की सासऱ्यांना राबवलं असं कुणी म्हणू नये. खोलीतच आम्ही तीन वेळा सराव केला, मी सून झाले. तिसऱ्या वेळी वाक्य जमलं: "सूनबाई, घरचं दळण माझ्याकडे. गहू मी निवडून आणतो." घरात तोवर पाकिटातलं पीठ येत होतं. दोन बसथांब्यांवर एक गिरणी सापडली आणि बाराव्या सत्राला काका सांगत आले की तिथल्या पोराला दगडाला टाकी लावायला सांगून आलोय. त्या दिवशी गुण ९ होते.

चूक तिसरी: गेलेल्या माणसाला देव करून ठेवणं

जिथे विषय खरोखर शोकाचा आहे, तिथे दोन प्रश्न टाळले जातात. पहिला, त्या दिवशी नेमकं काय झालं: फोन कुणाचा आला, तुम्ही कुठे होता, शेवटचं दर्शन झालं का, तेरावा झाल्यावर घर रिकामं झालं तो दिवस कसा गेला. दुसरा, त्या माणसाचं काय खटकायचं. आपल्याकडे गेलेल्याबद्दल वाईट बोलत नाहीत, म्हणून विद्यार्थी विचारतच नाहीत. एका आजींची सहा सत्रं "देवमाणूस होते" यातच गेली. सातव्यात विचारल्यावर त्या म्हणाल्या, "माझी आई शेवटची होती, तर यांनी माहेरी पाठवलं नाही." ३० वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं. राग उकरून काढायचा नसतो. प्रश्न विचारायचा, त्याला जागा द्यायची आणि थांबायचं.

मर्यादाही ओळखा. मृत्यूला वर्ष उलटूनही ओढ तशीच तीव्र, मृत्यू मान्यच होत नाही, फोटो पाहणं किंवा त्या खोलीत जाणं टाळलं जातंय, असं असेल तर तो लांबलेला शोक असू शकतो आणि त्यासाठी वेगळा उपचार आहे. कॅथरीन शिअर यांच्या गटाने २०१४ मध्ये वृद्धांवरच केलेल्या अभ्यासात त्या खास उपचाराने सुमारे ७० टक्के लोकांना फरक पडला, आयपीटीने ३२ टक्के. आपलं हत्यार आवडतं म्हणून ते सगळीकडे चालवू नये.

थोडक्यात सांगण्यासारख्या

ऐकू येत नसलेल्या माणसाला "विरोध करतो" म्हणू नका, आधी कान तपासा. थायरॉइड, बी-१२ आणि स्मरणशक्तीची चाचणी पहिल्या सत्राआधी. "वय झालं की असं व्हायचंच" हे घरच्यांचं वाक्य पहिल्याच भेटीत खोडा: हा नैराश्य नावाचा आजार आहे आणि उपचाराने बरा होतो. मुलासमोर आई-वडिलांना त्याच मुलाबद्दल विचारू नका.

पीएचक्यू-९ च्या शेवटच्या प्रश्नावर शून्याहून जास्त काही आलं, तर त्याच सत्रात स्पष्ट शब्दांत विचारा: जीव द्यावा असं वाटतं का, कसा, घरात गोळ्या किंवा औषधं किती आहेत? धोका दिसला तर घरच्यांना त्याच दिवशी सामील करा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी प्रत्येक कुटुंबाला देते.

आणि नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील, तर त्या बंद करायची घाई नको. पिट्सबर्गमध्ये सत्तरीपुढच्या लोकांवर झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात महिन्याला एक आयपीटी सत्र नैराश्य परतण्यापासून रोखू शकलं नाही, गोळीने रोखलं.

माझा १६ सत्रांचा आराखडा

सत्र १ ते ३: आजाराचं नाव, महिन्यांची रेघ, जवळच्या माणसांची यादी (कोण भेटतं, कोणाकडून काय हवंय, काय बिनसलं), आणि तिसऱ्याच्या शेवटी एकच विषय दोघांनी मिळून ठरवायचा.

सत्र ४ ते १३: दर वेळी ४५ मिनिटं. पहिली पाच मिनिटं गुण आणि झोप, मग "गेल्या भेटीनंतर काय घडलं?", मग एकच प्रसंग खोलात, शेवटी पुढच्या आठवड्यात कुणाशी काय बोलायचं त्याचा सराव. वृद्धांना दमायला होतं, दोन प्रसंग घेऊ नका.

सत्र १४ ते १६: निरोप.

हा निरोप घाईत उरकणं ही शेवटची चूक. शोकासाठी आलेल्या माणसाला आपण अचानक "पुढच्या आठवड्यापासून यायचं नाही" म्हणालो, तर आणखी एक माणूस न सांगता गेल्यासारखं होतं. मी चौदाव्यात विषय काढते आणि विचारते, इथलं येणं संपणार याचं कसं वाटतंय? काका म्हणाले, "वाईट वाटेल, पण या वेळेस सांगून निघतोय." शेवटच्या सत्रात गुण ६ होते. नैराश्य परत आलं तर आधी काय दिसेल, ते त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पहाटे तीनला जाग, चहा नकोसा, नातवाशी न बोलणं. खाली लिहिलं, "हे दिसलं तर सूनबाईने मॅडमना फोन करावा." ती चिठ्ठी फ्रिजवर लावली आहे.