गाळ्याचा भाडेपट्टा: मुदत, ताबा आणि भाडे यांच्या तारखा एकत्र बांधताना या चुका टाळा

दुकानाचा गाळा भाड्याने घेताना भाडं किती, डिपॉझिट किती यावर तासन् तास घासाघीस होते. तारखांचा विषय मात्र ‘एक तारखेपासून सुरू करू’ या एका वाक्यात संपतो. पण त्या एक तारखेपासून नक्की काय सुरू होणार? पट्ट्याची मुदत एका दिवशी सुरू होते, गाळ्याचा ताबा दुसऱ्या दिवशी मिळू शकतो आणि भाडं तिसऱ्याच दिवशी लागू होऊ शकतं. यात बेकायदेशीर काहीच नाही. भांडण लागतं ते या तारखा एकमेकींना कशा बांधल्या आहेत, हे करारात लिहिलेलं नसतं म्हणून.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातला गाळा, भाडं महिना ९०,००० रुपये, पट्टा ९ वर्षांचा. मुदत १ एप्रिल २०२५ पासून. ताबाही त्याच दिवशी द्यायचं ठरलं. फर्निचर आणि वायरिंगसाठी दोन महिने भाडेमाफी, म्हणून करारात लिहिलं, ‘भाडे १ जून २०२५ पासून देय राहील.’ प्रत्यक्षात आधीच्या भाडेकरूने सामान हलवायला वेळ लावला आणि थ्री-फेज मीटरचं काम रेंगाळलं. ताबा मिळाला १० मे रोजी.

भाड्याची तारीख कॅलेंडरला बांधणे

वरच्या करारात सगळ्यात महागात जाणारी चूक हीच. ताबा पुढे गेला, पण १ जून जागचा हलला नाही. दोन महिन्यांच्या भाडेमाफीतले उरले २२ दिवस. सुतार अजून माप घेतोय आणि मालकाचं पहिलं बिल हातात.

त्याऐवजी असं लिहिता आलं असतं: ‘भाडे ताबा दिल्याच्या दिवसापासून, तो दिवस धरून, ६० दिवस संपल्यावर सुरू होईल.’ मग १० मे हा पहिला दिवस, ८ जुलै हा साठावा, आणि भाडं ९ जुलैपासून. फरक जूनच्या पूर्ण ९०,००० चा आणि जुलैच्या आठ दिवसांचा. महिना ३१ दिवसांचा धरला तर ते २३,२२६ होतात. एकूण १,१३,२२६ रुपये, फक्त वाक्यरचनेमुळे.

‘तो दिवस धरून’ हे शब्द किरकोळ वाटतात, पण गाळू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११० प्रमाणे पट्ट्याची मुदत अमुक दिवसापासून सुरू होते असं लिहिलं असेल, तर मोजणीत तो दिवस वगळला जातो. वर्षांच्या पट्ट्यात वेगळं काही ठरलेलं नसेल तर शेवटी तीच तारीख पूर्ण दिवस धरली जाते. म्हणजे ‘१ एप्रिल २०२५ पासून ९ वर्षे’ एवढंच लिहिलं तर पट्टा १ एप्रिल २०३४ चा दिवस संपेपर्यंत चालतो. तुमच्या डोक्यात ३१ मार्च असेल तर पहिला आणि शेवटचा, दोन्ही दिवस स्पष्ट लिहा. महिन्याच्या अधल्यामधल्या दिवसांचं भाडं ३० ने भागायचं की ३१ ने, हेही एका ओळीत सांगून टाका.

चावी घेतली म्हणजे ताबा घेतला, असं होऊ देणे

हे फार वेळा घडतं. इंटिरिअरवाल्याला माप घ्यायचं असतं, मालक चांगुलपणाने दोन दिवस आधी चावी देतो, भाडेकरू व्हॉट्सॲपवर लिहितो, ‘चावी मिळाली, धन्यवाद.’ पुढे वाद झाला की तोच मेसेज ताब्याचा पुरावा म्हणून समोर येतो आणि भाडेमाफीचे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

आधी चावी घ्यायला हरकत नाही, पण त्याच मेसेजमध्ये लिहा: ‘फक्त पाहणी आणि मापासाठी चावी घेतली, ताबा नाही.’ खरा ताबा ताबापत्रावर सह्या करूनच घ्या. त्यात तारीख आणि वेळ, किती चाव्या मिळाल्या, वीज मीटरचं रीडिंग, मंजूर लोड आणि राहिलेली कामं यांची नोंद हवी. करारातही ताबा म्हणजे काय ते बांधून ठेवा: गाळा रिकामा, वीज-पाणी चालू, आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हातात. नाहीतर आधीच्या भाडेकरूची दोन कपाटं आत असतानाही ‘ताबा दिला होता’ असं म्हणायला मालक मोकळा.

कायद्याप्रमाणे भाडेकरूने मागितल्यावर ताबा देणं मालकावर बंधनकारक आहे. म्हणून ठरलेल्या दिवशी ताबा मिळाला नाही तर त्याच दिवशी लेखी मागणी करा. फोनवरच्या तक्रारीला नंतर तारीख लावता येत नाही.

मुदतीच्या तारखेला इतर गोष्टी आपोआप लटकू देणे

ताबा रेंगाळल्यावर भाड्याची तारीख सगळे पाहतात, भाडेवाढीची फारसं कोणी पाहत नाही. आपल्या उदाहरणात दर ३६ महिन्यांनी १५ टक्के वाढ आहे असं धरा. ती मुदतीच्या तारखेपासून मोजली तर १ एप्रिल २०२८ ला लागू होते. भाड्याच्या तारखेपासून मोजली तर ९ जुलै २०२८ ला. वाढ महिन्याला १३,५०० रुपये, म्हणजे या सव्वातीन महिन्यांत साधारण ४४,००० चा फरक.

मग सगळंच भाड्याच्या तारखेला बांधावं का? नाही. लॉक-इन, म्हणजे गाळा मध्येच सोडता न येण्याचा काळ, भाड्याच्या तारखेपासून मोजला तर भाडेकरू तेवढे महिने जास्त अडकतो. धंदा चालेल की नाही याची खात्री नसेल तर त्याने लॉक-इन मुदतीच्या तारखेपासूनच मोजायला सांगावं. मालकाचं गणित अर्थातच उलटं असेल.

मेंटेनन्सचंही असंच. भाडेमाफी म्हणजे मेंटेनन्समाफी नव्हे. वीज, पाणी आणि मेंटेनन्स ताब्याच्या दिवसापासून भाडेकरूकडे जातात असंच सहसा ठरतं, आणि ते रास्तही आहे. पण करारात हा खर्च मुदतीच्या तारखेला जोडलेला असेल तर एप्रिलमध्ये कुलूप लागलेल्या गाळ्याचा मेंटेनन्स तुम्ही भराल.

एक कलम डोळ्यांत तेल घालून वाचा: ‘६० दिवस किंवा व्यवसाय सुरू होणे, यापैकी जे आधी.’ मुहूर्त साधून केलेली पूजा, पाच-पन्नास पाहुणे, पेढे. एवढ्यावर ‘व्यवसाय सुरू झाला’ असं कोणी म्हणू शकतं. पहिलं विक्रीबिल फाडल्याचा दिवस म्हणजे व्यवसायाची सुरुवात, अशी व्याख्या घालून घ्या.

सह्या झाल्या आहेत आणि ताबा लांबला आहे, तर

नोंदणीची तारीख या भानगडीत आणू नका. दस्त उशिरा नोंदला म्हणून पट्ट्याची सुरुवात पुढे सरकत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ४७ प्रमाणे नोंदवलेला दस्त मूळ ठरलेल्या वेळेपासूनच अंमलात येतो.

मालक तोंडी म्हणाला, ‘काळजी करू नका, भाडं जुलैपासून द्या’, तर त्याच संध्याकाळी ई-मेलने कळवून त्याचा होकार मागवा. पण तिथेच थांबू नका, कारण नोंदणीकृत पट्ट्याच्या अटी नंतरच्या तोंडी बोलण्याने बदलल्याचं कोर्टात सिद्ध करता येत नाही. एक पुरवणी करारनामा करा. त्यात ताब्याची प्रत्यक्ष तारीख, भाडं सुरू होण्याची तारीख, भाडेवाढीची पहिली तारीख आणि मुदतीचा शेवटचा दिवस आकड्यांत लिहा आणि मूळ पट्ट्याप्रमाणे तोही नोंदवून घ्या. मालक तयार नसेल तर पहिलं भाडं भरतानाच हक्क राखून भरत असल्याचं पत्र द्या. काही न लिहिता दोन-तीन महिने पूर्ण भाडं भरलं की १ जून तुम्हाला मान्य होता, असा अर्थ काढायला समोरच्याला जागा मिळते.