जिंकल्याचे क्रियापद धावफलकाचा उतार पाहून निवडावे

मार्च 2024मध्ये वानखेडेवर मुंबईने विदर्भाला 169 धावांनी नमवून रणजी करंडक 42व्यांदा पटकावला. फरकाचा आकडा पाहून ‘धुव्वा उडवला’ असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु 538 धावांच्या लक्ष्यापुढे अक्षय वाडकरच्या शतकामुळे विदर्भाने पाचव्या दिवसापर्यंत झुंज दिल्याने तो शब्द खोटा ठरतो. ‘विजय खेचून आणला’ हेही चालणार नाही, कारण पहिल्या डावातच 119 धावांची आघाडी घेतलेली मुंबई पिछाडीवर नव्हती. येथे ‘विदर्भाची झुंज मोडून काढत विजय मिळवला’ हेच नेमके. ‘पटकावला’ करंडकासाठी राखावा (सामना पटकावला, हे कानाला खटकतेच), आणि ‘मात केली’ लिहिल्यास ‘विदर्भाला’ऐवजी ‘विदर्भावर’ करण्यास विसरू नये.