शोकेसमधली कुत्र्यांची जोडी खरंच जुनी आहे का? आधी उलटी करा

सोलापुरात जुना वाडा मोकळा करताना समया-पातेल्यांसोबत कधी चिनी मातीची पांढरी कुत्र्यांची जोडी निघते, लांब कान, गळ्यात सोनेरी साखळी. विकणारा लगेच म्हणतो, साहेब इंग्रजांच्या काळातलं हाय. असेलही, कारण इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये 19व्या शतकात अशी कुत्री ढिगाने बनायची, पण त्यांच्या नकलाही तेवढ्याच आहेत.

आधी बूड बघा. जुन्या पद्धतीत साच्याच्या दोन अर्ध्या भागांत माती हाताने दाबून बसवायचे आणि मग जोडायचे, त्यामुळे भोक लागायचं ते फक्त भट्टीत आतली गरम हवा निघायला, म्हणजे उदबत्तीची काडी जाईल एवढंच. नंतर पातळ माती साच्यात ओतून उरलेली परत ओतून काढायची पद्धत आली, त्याला भोक मोठं लागतं, करंगळी सहज जाते. अशी कुत्री हातात हलकी लागतात. मोठं भोक दिसलं की 19व्या शतकाच्या मधलं असण्याची शक्यता फार कमी, पण म्हणून ते कालचंच असं नाही हां, 20व्या शतकाच्या सुरुवातीचंही असू शकतं.

मग बाजूने बोट फिरवा. जोड दोन्हीत असतो! जुन्यात तो चाकूने खरवडून ओल्या स्पंजने पुसलेला, पायांच्या बेचक्यात कुठेतरी पुसट सापडतो. घाईत काढलेल्या नकलेत डोक्यापासून बुडापर्यंत सलग बारीक रेघ बोटाला लागते.

आता भिंग, घड्याळवाले वापरतात ते 10 पटीचं बास. मिशा बघा, ब्रशने काढलेली रेघ टेकते तिथे जाड आणि उचलते तिथे निमुळती होते, आणि जोडीतल्या दोघांच्या मिशा कधीच सारख्या नसतात. रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील स्टिकर आहे, विषय संपला. सोनेरी रंग आरशासारखा चकचकीत असेल तर माल बहुतेक 1880 नंतरचा, त्याआधीचं सोनं मऊ, मंद दिसतं.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते तड्यांना. ग्लेझ म्हणजे वरचा काचेसारखा थर, तो आणि आतली माती सारख्या प्रमाणात आकसत-फुगत नाहीत म्हणून ग्लेझला जाळी पडते, ती नव्या मालातही पडते आणि मुद्दाम पाडताही येते. मुद्दाम पाडलेली जाळी अंगभर एकसारखी, चहाच्या पाण्याने सगळीकडे तेवढीच तपकिरी. खरी जाळी कुठे दाट कुठे नाहीच, आणि मळ जिथे हात लागतो किंवा पाणी मुरतं तिथेच जास्त.

समजा जोडी अशी निघाली: भोक करंगळीएवढं, जोडाची रेघ सलग, मिशा ब्रशच्या पण चारच रेघा घाईत ओढलेल्या, सोनं चकचकीत, जाळी सगळीकडे सारखी. हाताने रंगवलंय म्हणून जुनं असं विकणारा म्हणेल, पण हाताने तर आजही रंगवतात. ही नक्कल आहे, शोभेची वस्तू म्हणून परवडत असेल तर घ्या, अँटिकचे पैसे देऊ नका.