हाउसकीपिंगचं मॅनपॉवर बिल सारखं परत येतंय? या चुका टाळा

मॅनपॉवर एजन्सीत बिलिंग करणाऱ्या कोणालाही विचारा, बिल बनवायला एक दिवस लागतो आणि परत आलेलं बिल दुरुस्त करायला पंधरा. क्लायंटच्या अ‍ॅडमिनचा फोन येतो, "सर, अकाउंट्सनं बिल होल्डवर टाकलंय, हजेरीशी मॅच होत नाहीये", आणि तोवर आपण खिशातून पगार करून बसलेलो असतो. माझ्या बघण्यात बहुतेक चुका जीएसटीच्या वगैरे नसतातच, त्या हजेरीच्या कागदावरच झालेल्या असतात, पुढे फक्त आकडे मोठे होत जातात.

पुण्यातल्या एका ऑफिसचं आमचं ऑगस्ट २०२५ चं बिल सांगतो. ८ जणांचा हाउसकीपिंग स्टाफ. महिना ३१ दिवसांचा, रविवार ५, म्हणजे रविवार सोडून २६ दिवस. सुट्टी १५ ऑगस्टची एकच धरलेली, ती पगारी. म्हणजे ८ गुणिले २६, जास्तीत जास्त २०८ ड्युट्या होऊ शकतात. आमच्या बिलात २१३ होत्या! आता ८ माणसांच्या साइटवर २१३ ड्युट्या कशा होतील हे क्लायंटच्या पोरानं दोन मिनिटात विचारलं, आम्हाला मात्र बिल पाठवताना दिसलं नाही.

झालं असं की एक ताई तापानं ५ दिवस आली नाही, तिच्या जागी रिलीव्हर पाठवला. सुपरवायझरनं रिलीव्हरची वेगळी ओळ करून ५ P टाकले ते बरोबरच केलं, पण "पोस्ट तर भरलेली होती ना साहेब" म्हणून ताईच्या ओळीतही P टाकले. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या डोक्यात पोस्ट होती आणि मस्टरला माणूस लागतो, एवढाच घोळ. पण तसंच जाऊ दिलं असतं तर ताईला न आलेल्या दिवसांचा पगार, तिच्या यूएएनवर न केलेल्या कामाचा पीएफ, आणि क्लायंटला ५ ड्युट्या डबल.

म्हणून हजेरीची बेरीज आडवी करतो तशी उभीही करायची. आडव्या बेरजेत माणसाचे दिवस कळतात, उभ्या बेरजेत त्या तारखेला साइटवर किती जण होते ते कळतं. मंजूर ८ असताना एखाद्या तारखेखाली ९ आले की तिथेच थांबायचं. आमच्या शीटमध्ये त्या पाचही तारखांखाली ९ होते, फक्त ती ओळच कोणी केली नव्हती. आणि रिलीव्हर एका दिवसापुरता असला तरी त्याचा यूएएन आणि ईएसआयसी नंबर हवाच, नाहीतर ड्युटी बिलात दिसते आणि माणूस चलनात सापडत नाही.

एक्सेलमधली अजून एक बारीक गोष्ट. दिवस मोजायला आम्ही हे वापरतो, D ते AH हे ३१ दिवसांचे कॉलम, H म्हणजे पगारी सुट्टी, HD म्हणजे हाफ डे:

```
=COUNTIF(D5:AH5,"P")+COUNTIF(D5:AH5,"H")+0.5*COUNTIF(D5:AH5,"HD")
```

साइटवरून मोबाइलवर भरून आलेल्या शीटमध्ये P च्या पुढे एक स्पेस पडलेली असली की हा फॉर्म्युला तो दिवस मोजतच नाही, आणि डोळ्याला तर P दिसतोय. त्यामुळे P, A, H, HD आणि WO सगळ्यांची मोजणी करून ती ३१ येते का बघा, ३० आली तर त्या ओळीत कुठेतरी असा भूतबाधा झालेला सेल आहे.

आता भागाकार. सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो, आणि आपलाच जातो. हिशोब सोपा जावा म्हणून बेसिक आणि स्पेशल अलाउन्स मिळून महिना १३,००० धरू (तुमच्या झोनचे आणि स्किलचे चालू किमान वेतनाचे दर वेगळे असतील ते घ्या). २६ ने भागलं तर रोज ५०० पडतो, त्यात रविवारचा पगार आधीच मुरलेला असतो. ३१ ने भागलं तर रोज ४१९.३५ पडतो, पण मग रविवारही पगारी दिवस म्हणून मोजायचे. दोन्ही पद्धती चालतात, अट एकच, भागताना रविवार धरला असेल तर मोजतानाही धरायचा.

ताईचंच घ्या. २० दिवस हजर, १५ ऑगस्ट पगारी, म्हणजे २१. गैरहजर ५, रविवार ५. २६ च्या पद्धतीनं २१ गुणिले ५०० म्हणजे १०,५००. ३१ च्या पद्धतीनं रविवारासकट २६ दिवस गुणिले ४१९.३५, म्हणजे साधारण १०,९०३. थोडा फरक आहे पण दोन्ही आपापल्या जागी बरोबर. आता चूक बघा, बिलिंगवाला क्लायंटच्या काँट्रॅक्टमधलं "कॅलेंडर डेज" वाचून ३१ ने भागतो आणि हजेरीतून २१ उचलतो, उत्तर ८,८०६. पगारवाल्यानं मात्र २६ नं १०,५०० दिलेत. एका माणसामागे १,६९४ आपल्या खिशातून, आणि बिल कमी आलंय म्हणून क्लायंट कशाला तक्रार करेल! उलटी चूक केली, म्हणजे २६ ने भागून रविवारासकट २६ दिवस मोजले, तर ५ दिवस गैरहजर माणसाचे पूर्ण १३,००० लागतात, आणि हे मात्र लगेच पकडलं जातं.

ज्या महिन्यात रविवार सोडून २७ दिवस येतात (जुलै २०२५ तसाच होता) तेव्हा २७ गुणिले ५०० लावायचे की १३,००० वर थांबायचं, यावरून दरवर्षी भांडण होतं. एजन्सी आणि क्लायंटनं हे काँट्रॅक्टमध्ये एका ओळीत लिहून घ्यावं, आणि जे ठरेल तेच पगारपत्रकातही दिसलं पाहिजे.

पुढे पीएफ-ईएसआयसी. नवीन पोरं एक चूक हमखास करतात, पीएफचे २५ टक्के बिलात लावतात. मालकाचा हिस्सा म्हणजे १२ टक्के, त्यात ईडीएलआय ०.५ आणि अ‍ॅडमिन चार्ज ०.५ धरून १३, तेवढाच बिलात येतो. कामगाराचे १२ टक्के त्याच्या पगारातून कापलेले असतात, म्हणजे पगाराच्या रकमेत क्लायंटनं ते दिलेलेच आहेत. ईएसआयसीचंही तेच, बिलात ३.२५ लावायचे, ०.७५ नाही.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. रेट कार्डवर पीएफ १,६९० छापलेला असतो, पूर्ण १३,००० वर १३ टक्के. मग हजेरी कितीही असो, प्रत्येकाला १,६९० चिकटवून बिल जातं. ताईचा कमावलेला पगार १०,५००, त्यावर १३ टक्के म्हणजे १,३६५. ईसीआरमध्ये तिच्या नावापुढे १०,५०० वेजेस दिसणार आणि बिलात १३,००० चा पीएफ, क्लायंटचा ऑडिटर या दोन कागदांना शेजारी ठेवूनच बसलेला असतो. ३२५ रुपयांसाठी "तुम्ही पीएफ खाता" हे ऐकून घ्यावं लागतं, ते नको.

ओव्हरटाइमचं उलटं आहे. ताईनं १० तास ओटी केला. ५०० भागिले ८ म्हणजे तासाला ६२.५०, दुप्पट १२५, झाले १,२५०. ऑगस्ट २०२५ च्या नियमानं यावर पीएफ नव्हता, पण ईएसआयसी होती. एचआरए ५ टक्के म्हणजे ५२५, त्यावरही तेव्हा तसंच, पीएफ नव्हता आणि ईएसआयसी होती. म्हणजे ईएसआयसी १०,५०० वर नाही तर १२,२७५ वर, ३.२५ टक्क्यांनी वरच्या रुपयाला राउंड करून ३९९. अलाउन्सेस फुगवून पीएफ कमी करायची जुनी युक्ती ज्यांच्या रेट कार्डवर अजून आहे त्यांनी बघून घ्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लेबर कोड लागू झालेत, आणि त्यांच्या व्याख्येत वगळलेले भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरची रक्कम वेजेसमध्येच धरली जाते.

आता ताईची ओळ पूर्ण करू. पगार, एचआरए, ओटी मिळून १२,२७५, पीएफ १,३६५, ईएसआयसी ३९९, बेरीज १४,०३९. बोनस आणि रजेचे पैसे या काँट्रॅक्टमध्ये वर्षाअखेरीस प्रत्यक्षावर असल्यामुळे इथे नाहीत, तुमच्यात महिन्याला ८.३३ टक्के घेत असतील तर एक ओळ वाढवा, पण मग दिवाळीला पुन्हा बोनसचं बिल लावू नका. सर्व्हिस चार्ज ८ टक्के म्हणजे १,१२३.१२. एकूण १५,१६२.१२.

जीएसटी १८ टक्के या पूर्ण १५,१६२.१२ वर, २,७२९.१८. हे लिहायचं कारण, अजूनही काही जण "पगार काय आपलं उत्पन्न आहे का" म्हणून फक्त सर्व्हिस चार्जवर २०२ रुपये लावतात. पटतं ऐकायला, पण कामगार आपल्या नोकरीवर आहे, पगार आणि पीएफ आपली जबाबदारी, क्लायंटच्या वतीनं आपण नुसते पोस्टमन नाही. त्यामुळे प्युअर एजंटचा नियम इथे बसत नाही. फरक एका माणसामागे २,५२७ रुपये, ८ माणसांचे वर्षाचे करून बघा, आणि नंतर नोटीस आली की ती रक्कम जुन्या क्लायंटकडून सुटत नाही, वर व्याज.

त्याच साइटवर गार्डही असतील आणि तुमची एजन्सी प्रोप्रायटरी किंवा पार्टनरशिप असेल, तर गार्डची आणि हाउसकीपिंगची बिलं वेगळी करा. सिक्युरिटी सर्व्हिस कंपनी नसलेल्याकडून जीएसटी नोंदणी असलेल्या क्लायंटला गेली की टॅक्स रिव्हर्स चार्जमध्ये क्लायंट भरतो (१ जानेवारी २०१९ पासून, कंपोझिशनवाले वगैरे अपवाद आहेत), म्हणजे गार्डच्या बिलावर आपण जीएसटी लावायचा नाही, फक्त रिव्हर्स चार्ज लागू असं लिहायचं. हाउसकीपिंगवर मात्र नेहमीसारखा लावायचा. एकाच बिलात खिचडी केली की अकाउंट्सवाले अख्खं बिल परत पाठवतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर असतं.

सोबत कागद कुठले जोडायचे तेही. पीएफ आणि ईएसआयसी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात आणि बिल १ ते ५ ला जातं, म्हणजे ऑगस्टच्या बिलाला ऑगस्टचं चलन मिळणारच नाही. जुलैचं चलन, ईसीआर आणि ऑगस्टची सही-शिक्क्याची हजेरी असं ठरवून घ्या. हजेरीवर क्लायंटच्या माणसाची सही बिल बनवायच्या आधी घ्या, नंतर घेतलेली सही म्हणजे त्यानं न मोजता केलेली सही, आणि ऑडिटला तोच माणूस "मी फक्त शिक्का मारला होता" म्हणतो.