गवताचं छप्पर शाकारताय? या चुका टाळा

चैत्र-वैशाखात शाकारणीची कामं निघाली की कोकणात दरवर्षी तेच बघायला मिळतं. शेतघर किंवा पर्यटकांसाठी झोपडी बांधायला कुणीतरी शहरातून येतो, मोबाइलवर फोटो दाखवतो आणि म्हणतो, "असंच पाहिजे, पण जरा स्वस्तात." मग स्वस्ताई निघते ती आढ्यातून.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे उतार कमी ठेवणं. गवत काही पाणी अडवत नाही. पाणी काडीवरून काडीवर घसरत वळचणीला जातं, एवढंच. उतार खडा असेल तर वरचा इंचभर थर भिजतो आणि उघडीप मिळाली की वाळतो. उतार कमी असेल तर पाणी रेंगाळत आत उतरतं, आणि कोकणातल्या पावसात दोन सरींच्या मधे वाळायला वेळच नसतो.

ओळखीच्या एका गृहस्थांची झोपडी बारा फूट रुंद होती. भिंतीच्या माथ्यापासून आढं निदान सहा फूट वर पाहिजे, म्हणजे ४५ अंशांचा उतार मिळतो. त्यांनी ते तीन फुटांवर ठेवलं. वळचण सोडून वासा साडेआठ फुटांचा लागला असता, तो पावणेसातात भागला. लाकूड वाचलं, गवत वाचलं. शाकारणारे काका म्हणाले, "साहेब, आढं अजून वर घ्या." साहेबांनी ऐकलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात गळायला लागल्यावर त्यांनी वरून निळी ताडपत्री टाकली आणि ती दिवाळीपर्यंत तशीच ठेवली.

ही दुसरी चूक, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा वाईट. गळणारं छप्पर निदान वाळतं तरी. ताडपत्रीखाली चूल, माणसं आणि जमीन यांची वाफ अडकते, रोज रात्री तिचं पाणी होतं आणि गवत आतून कुजतं. ताडपत्री काढली तेव्हा वरचं गवत सोनेरी होतं. त्याखाली हात घातला तर काळा, चिकट लगदा निघाला, आणि कामट्यांना बांधलेला काथ्या बोटाने तुटत होता. सगळं उतरवावं लागलं. छप्पर तपासायचं तर पावसानंतर असाच हात घाला. वरचा इंचभर ओला असला तर चालतो. मनगटापर्यंत ओल आणि कुबट वास आला, तर ताडपत्री न शोधता ते पाखं उकला.

भाताचा पेंढा आणि झावळ्या एक-दोन पावसाळेच टिकतात. चांगलं डोंगरी गवत जाड घातलं तर तीन-चार वर्षं जातं. ओलं गवत चढवू नका. बांबू तोडून लगेच वापरू नका, पाण्यात भिजत ठेवला नाही तर भुंगा लागणारच.

झावळ्या मोरचुदाच्या पाण्यात बुडवून वाळवल्या तर बुरशी उशिरा धरते. पण ते पाणी लोखंडी पिंपात करू नका, तांबं पिंपावर बसतं आणि पिंप खाल्लं जातं. मी प्लास्टिकचं पिंप वापरतो.

आता आग. बोरॅक्स-बोरिक फवारलं की छप्पर 'फायरप्रूफ' झालं, असं सांगणारे भेटतात. ही दोन्ही पाण्यात विरघळतात. बाहेरून मारलेली फवारणी पावसात वाहून जाते. आतल्या कोरड्या बांबूला तिचा उपयोग आहे, वरच्या गवताला नाही. माझा भरवसा मातीवर. चुलीवरच्या भागाला आतून अर्धा इंच माती-भुशाचा लेप द्या. माती आणि भुसा कालवून आठवडाभर मुरू द्या, नाहीतर तडे जातात. लेपाचं वजन धरूनच वासे निवडा. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने पावसात न धुपणारा लेपही काढला आहे. त्यात याच मातीत पातळ केलेलं डांबर घालतात, साधारण पाच भाग डांबराला एक भाग रॉकेल. डांबर तापवून चुलीपासून लांब न्यायचं आणि मगच रॉकेलमध्ये ओतायचं. चुलीवरच्या डांबरात रॉकेल ओतणारे महाभाग आहेत, तेही गवताच्या भाऱ्यांशेजारी उभे राहून!

वायर गवतातून नेऊ नका, पाइपातून भिंतीवरून न्या. बल्ब गवतापासून हातभर खाली ठेवा. चुलीचा धूर कीड दूर ठेवतो, म्हणून गॅस आलेल्या घरात छप्पर लवकर पोखरतं. तिथे मी पावसाळ्याआधी आणि नंतर आत धूर करतो, पण ओल्या पाल्याचा, मातीच्या घमेल्यात आणि पाण्याची बादली शेजारी ठेवून. धूर विझेपर्यंत घर सोडायचं नाही.