नॉच लावूनही गुणगुण जात नाही? क्यू निवडताना या चुका टाळा

लातूरकडच्या एखाद्या डाळमिलमधला पोत्यांचा काटा घ्या. लोडसेलचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा आणि त्याची वायर मोटरच्या केबलला खेटून गेलेली, त्यामुळे विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्यात मिसळते. आकडा थरथरतो म्हणून कोणीतरी प्रोग्रॅममध्ये ५० हर्ट्झचा नॉच, म्हणजे तेवढीच वारंवारता गाळणारा फिल्टर, टाकतो. लाईट असते तोवर काटा शांत असतो. लाईट गेली, जनरेटर सुरू झाला की आकडा पुन्हा नाचू लागतो. मग लोडसेल बदला, अर्थिंग तपासा, अशी धावपळ होते. क्यूचा आकडा मात्र कोणी बघत नाही.

```
b, a = iirnotch(50, 30, fs=500)
```

यातला ३० म्हणजे क्यू, आणि `fs` म्हणजे सेकंदाला घेतलेले नमुने. ५० ला क्यूने भागलं की नॉचची रुंदी मिळते. क्यू ३० असेल तर रुंदी साधारण १.७ हर्ट्झ, म्हणजे ४९.२ ते ५०.८. या दोन टोकांवर सिग्नल ७० टक्के उरतो, आणि त्याच्या बाहेर नॉचचा फारसा उपयोग नाही.

जास्त क्यू म्हणजे जास्त सफाई, हा समज

बरोबर ५० हर्ट्झला नॉच पूर्ण शून्य करतो, क्यू ५ असो की १००. क्यूने खोली बदलत नाही, फक्त रुंदी बदलते. आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायची असा नियम आहे. ४९.९ ला क्यू १०० असेल तर ३७ टक्के गुणगुण उरते, ३० ला १२ टक्के आणि १० ला ४ टक्के.

जनरेटरचं गणित वेगळं. लोड कमी असला की त्याचा वेग चढतो आणि ५१.५ हर्ट्झ सहज मिळतात. तिथे क्यू ३० चा नॉच ८७ टक्के गुणगुण आत सोडतो, म्हणजे असून नसल्यासारखाच.

मग क्यू ५ करायचा का? रुंदी १० हर्ट्झ होते, पण ५१.५ ला तरीही २८ टक्के उरतंच. काट्यासाठी नॉच हे मुळात चुकीचं हत्यार आहे, असं माझं मत. वजनाचा सिग्नल पाच हर्ट्झच्या खालीच संपतो. सेकंदाला ५०० नमुने घेत असाल तर सलग ५० नमुन्यांची सरासरी काढा. या ०.१ सेकंदात ५० हर्ट्झची बरोबर पाच आवर्तनं बसतात, त्यामुळे लाईटची गुणगुण शून्य होते आणि ५१.५ ची फक्त ३ टक्के उरते.

अरुंद नॉचची आणखी एक किंमत असते, ती म्हणजे कंप. क्यू ३० च्या काट्यावर ५० किलोचं पोतं आदळलं की आकडा खऱ्या वजनाभोवती सुरुवातीला दीडेक किलोने हलतो, आणि अर्ध्या सेकंदानंतरही शंभरेक ग्रॅमची हालचाल उरते. क्यू ५ ला पहिला झटका आठ किलोच्या वर जातो, पण ०.२ सेकंदात तो वीसेक ग्रॅमवर येतो.

रुंद नॉचने कामाचा सिग्नल खाणं

नॉच खरा शोभतो तो हव्या त्या सिग्नलच्या मधोमध ५० हर्ट्झ येऊन बसतात तिथे. बोअरच्या सबमर्सिबल पंपावर कंपनाचा सेन्सर लावला आहे असं समजा. दोन पोलची मोटर २९०० आरपीएमने फिरत असेल तर तिचा असमतोल ४८.३ हर्ट्झला दिसतो, गुणगुणीच्या अगदी शेजारी. क्यू ५ ठेवला तर हा सिग्नल ३३ टक्क्यांवर येतो आणि बिघडलेला पंपही ठणठणीत वाटतो. क्यू ३० ठेवला तर तो ९० टक्के वाचतो. इथे अरुंद नॉचच हवा, पण लाईटवर. जनरेटरवर घेतलेली नोंद वेगळी ठेवावी.

`fs` अंदाजाने लिहिणं

कोडमध्ये ५०० लिहिलंय, पण लूपमध्ये छपाई, डिस्प्ले वगैरे चालू असल्याने प्रत्यक्षात सेकंदाला ४८० नमुनेच येताहेत. अशा वेळी नॉच ५० वर नाही, ४८ वर बसतो आणि पंपाच्या बाबतीत नेमका कामाचा सिग्नलच मारतो.

हे पकडायला सोपं आहे. फिल्टर न लावता, लाईटवर असताना १० सेकंद कच्चा डेटा नोंदवा आणि त्याचा एफएफटी काढा, म्हणजे कोणती वारंवारता किती आहे ते दिसेल. १० सेकंदांत ०.१ हर्ट्झचा फरक कळतो, एका सेकंदाच्या नोंदीत नाही. शिखर ५० ऐवजी ५२.१ ला दिसलं तर ग्रिड इतकं भरकटलेलं नसतं, तुमचं `fs` चुकलंय. ५२.१ ला ५० ने भागून जे येईल त्याने ५०० ला भागा, खरा वेग मिळेल. मग हीच नोंद जनरेटरवर घ्या आणि लोड कमी-जास्त करून शिखर किती सरकतं ते बघा. नॉचची रुंदी किती हवी, हे त्या सरकण्यावरून ठरवायचं.